पासबुकातल्या सहा ओळी

माझी मावशी साताऱ्याला राहते. शाळेतून निवृत्त झाली, हिशेबाला पक्की. महिन्या-दोन महिन्यांनी बँकेत जाऊन पासबुकावर एन्ट्री मारून आणते आणि मग पेन्सिल घेऊन एकेका ओळीपुढे खूण करत बसते. पूर्वी हे काम दहा मिनिटांत व्हायचं. ‘चेक’, ‘रोख’, ‘व्याज’ असे तीन-चार शब्द असायचे आणि तेवढ्यात सगळं आटपायचं. गेल्या जुलैअखेर मी तिच्याकडे गेलो, तेव्हा पेन्सिल बाजूला पडलेली होती. “यातल्या सहा ओळी मला लागत नाहीत. तू तीस वर्षं बँकेत काढलीस ना? मग वाच,” असं म्हणून तिनं पासबुक माझ्यापुढे सरकवलं.

त्या सहा ओळी अशा होत्या (शाखेचा क्रमांक झाकला आहे):

```
10-06-25 ACH D-INDIAN CLEARING CORP      2000.00 DR
14-07-25 BY TRANSFER-NEFT*BARB0XXXXXX*
         BARBN25195604417*              18000.00 CR
14-07-25 ACH RTN CHRG 100725              295.00 DR
16-07-25 TO TRANSFER-UPI/DR/
         519763018274/PATIL ENTE/UTIB/    340.00 DR
18-07-25 DEBIT CARD-OTHPOS
         519914306612 MUMBAI             1650.00 DR
22-07-25 REV OTHPOS 519914306612         1650.00 CR
```

मावशीचे प्रश्न सरळ होते. ही ‘इंडियन क्लिअरिंग’ कोण? २९५ रुपये कशाचे? पाटील म्हणून कुणाला आपण पैसे दिलेले नाहीत. आणि १८ तारखेला आपण साताऱ्यातच होतो, मग मुंबईत कार्ड कुणी वापरलं?

या ओळी माणूस लिहीत नाही, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. बँकेच्या संगणकात प्रत्येक व्यवहाराला तपशिलाचा एक कप्पा असतो आणि त्याची लांबी ठरलेली असते. पैसा ज्या वाटेनं आला किंवा गेला, ती यंत्रणा आपल्याजवळचे तुकडे त्या कप्प्यात एकामागून एक भरते. वाटेचं नाव, दिशा, क्रमांक, समोरच्याचं नाव, त्याची बँक, शेवटी शेरा. दोन तुकड्यांमध्ये तिरपी रेघ, तारा किंवा आडवी रेघ टाकते. कप्पा भरला की उरलेली अक्षरं गळतात. त्यातून पासबुकाचा रकाना अरुंद, म्हणून छापताना आणखी काही जातात. त्याच खात्याचं ई-मेलवर येणारं विवरण काढलं तर बऱ्याचदा तीच ओळ जास्त लांब दिसते. म्हणून एखादी ओळ पासबुकात लागली नाही, तर आधी विवरणात पाहावी.

अशा न उकलणाऱ्या नोंदी टाळा, असं रिझर्व्ह बँक बँकांना कैक वर्षं सांगत आली आहे. जून २०१७ मध्ये तिनं परिपत्रक काढून कोणत्या व्यवहारापुढे किमान काय छापलं पाहिजे याची यादीच दिली. पैसे दुसऱ्याला गेले असतील तर घेणाऱ्याचं नाव आणि वाट, शुल्क असेल तर कशाचं, नोंद उलटवली असेल तर मूळ व्यवहाराची तारीख आणि कारण. त्यामुळे आज ओळ कितीही तुटक दिसली, तरी तिच्यात बहुतेक माहिती असते. ती कोणत्या क्रमानं बसवली आहे एवढं कळलं की ओळ वाचता येते. प्रत्येक बँकेचा क्रम थोडा वेगळा असतो, पण तुकडे तेच.

सुरुवात दिशेपासून. `BY` म्हणजे खात्यात जमा, `TO` म्हणजे खात्याच्या नावे. इंग्रजी शिकलेल्या माणसाची इथं हमखास गफलत होते. `TO TRANSFER` वाचून त्याला वाटतं, पैसे ‘माझ्याकडे’ आले. हे दोन शब्द जुन्या दुहेरी नोंदीच्या वहीतले आहेत. खतावणीच्या डाव्या, म्हणजे नावे बाजूची ओळ ‘टू’नं सुरू व्हायची, उजव्या जमा बाजूची ‘बाय’नं. संगणक आले, वह्या गेल्या, शब्द राहिले. पुढचं `DR` नावे आणि `CR` जमा. ही नोंद बँकेच्या वहीतली आहे. आपण पैसे ठेवले की बँक आपलं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत आपलं खातं जमेकडे वाढतं. मावशीला हे सांगावं लागलं नाही. तिच्या पहिल्या पासबुकावर मराठीत ‘नावे’ आणि ‘जमा’ असेच रकाने होते.

आता दुसरी ओळ घेऊ, कारण ती सर्वांत सभ्य आहे. `NEFT` ही वाट. पहिल्या ताऱ्यापुढे पैसे पाठवणाऱ्या शाखेचा आयएफएससी, त्याची पहिली चार अक्षरं बँकेची. `BARB` म्हणजे बँक ऑफ बडोदा. त्यापुढच्या ताऱ्यानंतरची सोळा अक्षरं म्हणजे या व्यवहाराचा यूटीआर, त्याची जगात एकच असणारी ओळख. तो असा फोडतात:

```
BARB  N  25  195  604417
```

पुन्हा बँकेची चार अक्षरं, मग यंत्रणेचं एक अक्षर, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग तीन आकडे दिवसाचे आणि शेवटचे सहा त्या दिवसाच्या अनुक्रमाचे. दिवसाचे तीन आकडे म्हणजे तारीख नव्हे. १ जानेवारीला ००१ धरून वर्षाचा कितवा दिवस, ते असतं. जूनअखेर १८१ दिवस होतात. १९५ मधून १८१ गेले, उरले १४. म्हणजे १४ जुलै. मावशीच्या दुसऱ्या बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज त्या दिवशी निघालं होतं, तेच हे.

ही दिवसांची मोजणी एकदा हाताशी असली की फार उपयोगी पडते. जानेवारीअखेर ३१, मग फेब्रुवारी ५९, मार्च ९०, एप्रिल १२०, मे १५१, जून १८१, जुलै २१२, ऑगस्ट २४३, सप्टेंबर २७३, ऑक्टोबर ३०४, नोव्हेंबर ३३४. लीप वर्षात फेब्रुवारीच्या आकड्यापासून पुढे एक वाढवायचा. मावशीनं हे आकडे पासबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहेत.

सगळ्या बँका यूटीआर अगदी याच साच्यात छापत नाहीत. काही बँका दिवस आधी आणि वर्ष नंतर घालतात, काही सुरुवातीची चार अक्षरं गाळतात. पण वर्ष आणि दिवस कुठे तरी असतातच. दोन लाख किंवा त्याहून मोठी रक्कम आरटीजीएसनं आली असेल, तर क्रमांक बावीस अक्षरांचा असतो आणि त्यात तारीख सरळ वर्ष-महिना-दिवस अशी लिहिलेली असते, मोजायची गरज नाही. पैसे पाठवणारा ‘मी कालच पाठवले’ म्हणत असेल आणि खात्यात दिसत नसतील, तर त्याच्याकडून यूटीआर मागून घ्यावा. पैसे निघाले आहेत का आणि कोणत्या दिवशी निघाले, हे त्या सोळा अक्षरांतून तिथल्या तिथे कळतं. त्याच्याकडे यूटीआरच नसेल, तर पैसे बहुधा अजून निघालेलेच नाहीत.

चौथी ओळ यूपीआयची. हिच्यात सगळे तुकडे तिरप्या रेघांनी वेगळे केलेले असतात, म्हणून वाचायला ती सोपी. `UPI` ही वाट, `DR` म्हणजे गेले, मग बारा आकडी क्रमांक, मग समोरच्याचं नाव, मग त्याच्या बँकेची चार अक्षरं, शेवटी शेरा. मावशीच्या ओळीत शेऱ्याची जागा रिकामी होती.

बारा आकड्यांतही बहुतेक वेळा तारीख असते. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, पुढचे तीन दिवसाचे. `5197` म्हणजे २०२५ चा १९७ वा दिवस, १६ जुलै. ही सवय आहे, सक्तीचा नियम नाही, म्हणून एखाद्या ओळीत जुळलं नाही तर घाबरायचं कारण नाही. पण हाच बारा आकडी क्रमांक आपल्या फोनमधल्या अ‍ॅपच्या व्यवहारांतही दिसतो, आणि खरी कळ तिथेच आहे. पासबुकातलं नाव ओळखीचं नसलं, तरी फोनमध्ये तोच क्रमांक सापडला तर व्यवहार त्याच फोनवरून झालेला आहे. शिवाय तिथे वेळ असते. मावशीच्या फोनमध्ये तो सापडला, १६ तारखेला संध्याकाळी सहा-पंचवीस. “अगं बाई, औषधं!” ती म्हणाली.

मग हे पाटील कोण? दुकानाच्या पाटीवर वेगळंच नाव आहे. पण क्यूआर ज्या खात्याला जोडलेला आहे, ते खातं मालकाच्या दुसऱ्या एका पेढीच्या नावानं आहे आणि पासबुकात खात्याचं नाव येतं, पाटीचं नाही. त्यातही या बँकेच्या रकान्यात नावाला दहाच अक्षरांची जागा. `PATIL ENTE` इथं ते संपलं, ‘एंटरप्रायझेस’ची पुढची अक्षरं गळाली. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते आपण वाचत नाही. महिन्यानंतर तेच नाव पासबुकात परकं वाटतं.

बँकेच्या चार अक्षरी नावात आणखी एक गंमत आहे. `SBIN`, `HDFC`, `ICIC` सहज लागतात. `MAHB` म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, `KKBK` कोटक, `SRCB` सारस्वत, `COSB` कॉसमॉस. पण मावशीच्या ओळीतलं `UTIB` कुठल्या बँकेच्या नावात बसत नाही. ती अ‍ॅक्सिस बँक. २००७ पर्यंत तिचं नाव यूटीआय बँक होतं. नाव बदललं, पण सगळ्या देशाच्या यंत्रणेत रुजलेली अक्षरं तशीच ठेवली गेली. दुसरी एक बाब म्हणजे दुकानाचा क्यूआर एखाद्या पेमेंट कंपनीनं दिलेला असेल, तर ही चार अक्षरं दुकानदाराच्या बँकेऐवजी त्या कंपनीमागच्या बँकेची असू शकतात. म्हणून या अक्षरांवरून दुकान ओळखायला जाऊ नये. ती फक्त पैसा कोणत्या बँकेत उतरला एवढंच सांगतात.

काही बँका याच ओळीत `P2A` किंवा `P2M` छापतात. पहिलं म्हणजे माणसाकडून खात्याला, दुसरं म्हणजे माणसाकडून दुकानाला. आपण दुकानात पैसे दिल्याचं आठवतं आणि ओळीत `P2A` आहे, तर दुकानदारानं बहुधा स्वतःच्या खासगी खात्याचा क्यूआर लावला आहे. आणि ज्यांनी फोनमध्ये यूपीआय लाइट सुरू केलं आहे, त्यांना चहा-भाजीच्या छोट्या खर्चांच्या ओळी पासबुकात मिळणारच नाहीत. लाइटमध्ये पैसे भरले त्याची एकच ओळ येते, बाकीचा हिशेब फोनमध्ये.

आता पहिली आणि तिसरी ओळ एकत्र घ्यावी लागते, कारण एक नसती तर दुसरी उमगली नसती. `ACH` म्हणजे पूर्वीच्या ईसीएसच्या जागी आलेली यंत्रणा, राष्ट्रीय देयके महामंडळ ती चालवतं. आपण एकदा सही करून किंवा ओटीपी देऊन ‘माझ्या खात्यातून दरमहा इतके घ्या’ अशी परवानगी देतो, तिला मँडेट म्हणतात. त्या आधारे समोरची संस्था पैसे ओढून घेते. `ACH D` म्हणजे अशी ओढून नेलेली रक्कम, `ACH C` म्हणजे याच वाटेनं आलेली, उदाहरणार्थ कंपनीचा लाभांश. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, सगळं बहुतेक `ACH D` मध्ये सापडतं.

मावशीची दोन हजारांची एसआयपी आहे, दर महिन्याच्या १० तारखेची. पण ओळीत फंडाचं नाव नाही. तिच्या एजंटानं ती बीएसईच्या म्युच्युअल फंड मंचावरून सुरू केली आहे. तिथं पैसे आधी मुंबई शेअर बाजाराच्या वसुली कंपनीकडे, म्हणजे इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जातात आणि तिथून फंडाकडे. मँडेट त्या कंपनीच्या नावानं, म्हणून पासबुकात तिचंच नाव. हे नाव पाहून ‘कुणी तरी माझ्या खात्यातून पैसे काढतंय’ म्हणत धावत शाखेत आलेली माणसं मी काउंटरवर पुष्कळ पाहिली. मँडेटचा स्वतःचा वीस अक्षरी क्रमांक असतो, त्याला यूएमआरएन म्हणतात. तो मँडेट मंजूर झाल्याच्या संदेशात असतो आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये मँडेटच्या यादीतही दिसतो. रक्कम, तारीख आणि यादीतली कमाल मर्यादा जुळवून पाहिली की ओळ कोणत्या परवानगीची आहे ते नक्की होतं. मँडेटमध्ये कमाल रक्कम हप्त्यापेक्षा बरीच मोठी लिहिलेली असू शकते. ती दर महिन्याला जाणार नसते, तेवढ्यापर्यंत जाऊ शकते एवढाच त्याचा अर्थ.

तर जूनची एसआयपी गेली. जुलैची कुठे आहे? १० जुलैला पासबुकात ओळच नाही. आणि १४ तारखेला मात्र `ACH RTN CHRG 100725`. `RTN` म्हणजे परत गेलेलं, `CHRG` शुल्क, शेवटचे सहा आकडे तारीख: १० जुलै २०२५. त्या दिवशी खात्यात दोन हजार नव्हते. वसुली आली आणि परत गेली. बँकांनुसार याची नोंद वेगवेगळी होते. काही बँका रक्कम नावे टाकून लगेच परत जमा दाखवतात, म्हणजे दोन ओळी दिसतात. या बँकेत फसलेली वसुली पासबुकात उमटतच नाही, फक्त शुल्क उमटतं. आणि तेही त्या दिवशी नाही, कारण वसूल करायला खात्यात पैसे नव्हते. १४ तारखेला ठेवीचं व्याज जमा झालं आणि त्याच दिवशी बँकेनं आपले थकलेले पैसे काढून घेतले. म्हणून शुल्काची तारीख आणि चुकलेल्या हप्त्याची तारीख यांत चार दिवसांचं अंतर पडलं. कधी ते दोन-तीन महिन्यांचंही असतं, आणि तेव्हा शुल्क अकारण कापल्यासारखं वाटतं.

२९५ हा आकडा असा विचित्र का? बँकेच्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी लागतो. २९५ ला १.१८ ने भागलं की येतात बरोब्बर २५०. हा भागाकार मी प्रत्येक अनोळखी आकड्यावर करून पाहतो. उत्तर गोल आलं तर ओळ बहुधा बँकेच्याच शुल्काची. २३६ म्हणजे दोनशे, ५९० म्हणजे पाचशे, १७.७० म्हणजे पंधरा. २७.१४ रुपये दिसले तर भागून २३ येतात. १ मे २०२५ पासून एटीएमचे फुकटचे व्यवहार संपल्यावर बँक दर व्यवहारामागे जास्तीत जास्त इतकेच घेऊ शकते. याउलट मेअखेर कापले जाणारे ४३६ आणि २० रुपये भागून पाहा, गोल उत्तर येत नाही. ते शुल्क नाहीच. ते पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वार्षिक हप्ते, ओळीत `PMJJBY` आणि `PMSBY` लिहिलेलं असतं. काही बँका कर वेगळ्या ओळीत दाखवतात. तिथं पंचवीस किंवा अडीचशे असे गोल आकडे सरळच दिसतात आणि खाली कराच्या एक-दोन छोट्या ओळी.

मावशीला राग शुल्काचा नव्हता, कुणी सांगितलं नाही याचा होता. मी तिला म्हटलं, संदेश आला असेल. तो आला होता, १० तारखेला दुपारी, जाहिरातींच्या गठ्ठ्यात. एसआयपीचं नुकसान इतपतच. फंड लागोपाठ तीन महिने हप्ता चुकला तर एसआयपी बंद करतो. कर्जाचा हप्ता असता तर कर्ज देणाऱ्यानंही वेगळा दंड लावला असता आणि सिबिलच्या नोंदीवर डाग पडला असता.

उरल्या शेवटच्या दोन ओळी, मुंबईच्या. `OTHPOS` म्हणजे दुसऱ्या बँकेनं दिलेल्या स्वाइप मशिनवर वापरलेलं कार्ड. ऑनलाइन खरेदी असती तर या बँकेत `OTHPG` आलं असतं, म्हणजे दुसऱ्या बँकेच्या पेमेंट गेटवेतून. बारा आकडी क्रमांक इथंही आहे. `5199`, १९९ वा दिवस, १८ जुलै. त्या दिवशी मावशीनं साताऱ्यात चपलांच्या एका मोठ्या दुकानात कार्ड दिलं होतं. मशिननं ‘व्यवहार नाकारला’ अशी चिठ्ठी दिली, तिनं रोख पैसे दिले आणि विसरून गेली.

मग मुंबई का? कार्डाच्या व्यवहारात दुकानाचं नाव-गाव पाठवण्यासाठी सगळ्या जगात मिळून चाळीस अक्षरांचा एक कप्पा ठरलेला आहे. साधारण पंचवीस नावाला, तेरा गावाला, दोन देशाला. त्यात दुकानदार ज्या क्षणी दुकानात बसला आहे ते गाव जात नाही, मशिन घेताना नोंदवलेलं गाव जातं. साखळी दुकानांची मशिनं मुख्य कचेरीच्या पत्त्यावर नोंदलेली असू शकतात. पासबुकात तर नावाची पंचवीस अक्षरंही मावली नव्हती, मुंबई तेवढी उरली. म्हणून कार्डाच्या ओळीत गाव हा सर्वांत कच्चा पुरावा. क्रमांक, रक्कम आणि दिवस हे पक्के.

पण पैसे का गेले? कार्ड फिरवल्यावर विचारणा दुकानाच्या बँकेतून कार्डाच्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे येते. आपली बँक हो म्हणते आणि त्याच क्षणी खात्यातून रक्कम नावे टाकते. ते ‘हो’ परतीच्या वाटेवर हरवलं, तर मशिन वाट पाहून कंटाळतं आणि नाकारल्याची चिठ्ठी छापतं. म्हणजे दोघेही आपापल्या परीनं खरं बोलत असतात. मग दिवसअखेर हिशेब जुळवताना दुकानाच्या बँकेकडून या रकमेची मागणीच येत नाही, आणि पैसे परत होतात. शेवटच्या ओळीतलं `REV` म्हणजे तेच, रिव्हर्सल. ते मूळ व्यवहाराचंच आहे हे कशावरून? दोन्ही ओळींतला बारा आकडी क्रमांक एकच आहे, `519914306612`. नुसती रक्कम सारखी असून भागत नाही. सोळाशे पन्नासच्याच दोन खरेद्या असू शकतात.

यासाठी रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये मुदती ठरवून दिल्या. स्वाइप मशिनवर पैसे गेले आणि दुकानाला पावती मिळाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे परत झाले पाहिजेत. एटीएममधून नोटा न येता खात्यातून गेले तरी पाचच दिवस. यूपीआयनं माणसाला पाठवलेले अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यानंतर प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती ग्राहकानं न मागता मिळायला हवी. मावशीचे पैसे चौथ्या दिवशी आले, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उरला नाही. पण कितीतरी जण `REV` ची ओळ कधी आली, किती दिवसांनी आली, हे पाहतच नाहीत. भरपाई न देता बँकेनं पैसे उशिरा परत केले असतील, तर दोन ओळींच्या तारखांमधलं अंतर हाच त्याचा पुरावा.

सहाही ओळी लागल्या. पण समजा एक लागली नसती तर? फोनमध्ये क्रमांक नाही, मँडेटच्या यादीत रक्कम नाही, १.१८ नं भाग जात नाही आणि घरातल्या कुणालाही आठवत नाही. मग वाट पाहायची नाही. जुलै २०१७ च्या नियमानुसार चूक ना बँकेची ना आपली, यंत्रणेत तिसऱ्याच कुणी तरी घुसून पैसे नेले असतील, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास आपला तोटा शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास तोटा ठरलेल्या मर्यादेपर्यंत. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणावर. हे दिवस पासबुकात एन्ट्री मारल्यापासून मोजले जात नाहीत, संदेश आल्यापासून मोजले जातात, आणि दोन महिन्यांनी पासबुक भरणाऱ्याला ही अडचण मोठी आहे. आपणच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा आपलाच. कळवताना ‘मुंबईत कुणी तरी पैसे काढले’ एवढंच लिहू नये. तारीख, रक्कम आणि ओळीतला पूर्ण क्रमांक लिहावा, कारण बँकेचा माणूस नावावरून नाही, क्रमांकावरूनच व्यवहार शोधतो. तक्रारीचा नोंदणी क्रमांक घ्यावा. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पैसे फसवणुकीनं गेल्याची खात्री असेल, तर त्याआधी १९३० वर फोन करावा, म्हणजे रक्कम पुढे सरकायच्या आत अडवण्याची शक्यता राहते.

निघताना मावशीनं विचारलं, “पण पाटील ओळखायला प्रत्येक वेळी फोन शोधत बसायचं का?” त्याला उपाय आहे. यूपीआयनं पैसे देताना शेऱ्याची एक रिकामी जागा असते. तिथं लिहिलेलं बहुधा ओळीच्या शेवटी छापून येतं, अर्थात कप्प्यात जागा उरली तर. म्हणून सांगितलं, रोमन अक्षरात, एकच शब्द, आणि तो छोटा. परवा तिनं पासबुक पुन्हा भरून आणलं आणि फोटो पाठवला. चार ओळींच्या शेवटी `AUSHADH`, `BHAJI`, `GAS` आणि `DUDH` होतं. पाचव्या ओळीत नुसतंच `PATIL ENTE` होतं, शेरा नव्हता. तिच्यापुढे तिनं पेन्सिलनं लिहिलं होतं: “हे खोकल्याचं.”